फावल्या वेळी : सात अक्षरे आणि एक चिठ्ठी

पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा आदिलाबादकरांच्या घरांत भाषेची मोठी गंमत असते. आजी मराठीत रागावते, नातवंडे तेलुगूत भांडतात, बाजारात हिंदी-उर्दूने काम भागते, आणि शाळेचा अभ्यास इंग्रजीत होतो. अशा घरात शब्दांचा खेळ मांडावयाचा म्हटले की पहिली तक्रार ठरलेली असते : "आजोबा, तुम्हांला चांगली अक्षरे आली म्हणून तुम्ही जिंकलात." या तक्रारीत तथ्य असते. पिशवीतून एकाला सोपी अक्षरे येतात, दुसऱ्याला ठ, ढ, झ येतात. मग हार ही बुद्धीची की नशिबाची, हे सांगणार कोण?

या तक्रारीवर बेल्जियममधील इपोलित वाउटर्स नावाच्या वकिलाने एक उपाय काढला. अमेरिकन वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यांनी 1938 च्या सुमारास रचलेला 'स्क्रॅबल' हा खेळ वाचकांना ठाऊक असेलच. वाउटर्स यांनी त्यात एवढाच बदल केला की सर्व खेळाडूंना तीच सात अक्षरे आणि तोच पट द्यावयाचा. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात ही पद्धत आधीपासून होती, तिचेच नाव घेऊन हा 'डुप्लिकेट स्क्रॅबल' झाला. फ्रेंच भाषकांची या पद्धतीची पहिली जागतिक स्पर्धा 1972 साली फ्रान्समधील कान येथे भरली आणि आजही फ्रेंच जगात हीच पद्धत विशेष लोकप्रिय आहे.

खेळाची रीत अशी. पंच सात अक्षरे जाहीर करतो. प्रत्येकजण आपल्यापुढील पटावर विचार करतो आणि ठरलेल्या वेळात, बहुधा तीन मिनिटांत, आपली चाल चिठ्ठीवर लिहून देतो. शब्द कोणता, कोणत्या घरापासून, आडवा की उभा, हे सर्व चिठ्ठीवर स्पष्ट हवे. प्रत्येकाला स्वतःच्या चालीचे गुण मिळतात. शब्द चुकला तर शून्य. मग सर्वांत अधिक गुणांची चाल पंच जाहीर करतो, आणि आपण काहीही लिहिले असले तरी प्रत्येकाने आपल्या पटावर तीच चाल मांडावयाची. उरलेल्या अक्षरांत नवी भर पडते आणि पुन्हा सर्वजण एकाच जागी येतात.

यामुळे नेहमीच्या खेळातील दोन चिंता संपतात. प्रतिस्पर्ध्याची वाट अडविण्याचा प्रश्न नाही, आणि पुढच्या चालीसाठी चांगले अक्षर राखून ठेवण्यातही अर्थ नाही, कारण उरणारी अक्षरे सर्वांची सारखीच असतात. उरते एकच काम : या क्षणी, या पटावर, या सात अक्षरांतून सर्वांत मोठी चाल शोधणे. ती कशी शोधावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आम्ही हा खेळ मराठीत खेळतो. पट बाजारातलाच, पंधरा गुणिले पंधरा घरांचा. सोंगट्या मात्र पुठ्ठ्याच्या, घरी कापलेल्या. आमचे नियम थोडक्यात सांगतो. सोंगटीवर केवळ व्यंजन असते. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही सारी फुकट, मनाने लावावयाची. जोडाक्षरातील प्रत्येक व्यंजनाला वेगळी सोंगटी. स्वरांसाठी एकच अ. सावरकरांच्या लिपिशुद्धीतील अ च्या बाराखडीप्रमाणे तोच इ, उ, ए होतो. एकच सोंगटी आडव्या शब्दात 'का' आणि उभ्या शब्दात 'की' अशी वाचली तरी चालते. शब्द मात्र कोशात मथळ्याला आलेला हवा. विभक्तीचे प्रत्यय लागलेले रूप चालत नाही. आमच्या घरी दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा शब्द अखेरचा मानतात, आणि कोश कोणता हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. शब्दाचा अर्थ पंच विचारीत नाही. एकदा आमच्या एका पाहुण्याने 'बंडी' लिहिली ती बैलगाडी या अर्थाने. कोश उघडला तेव्हा अंगात घालावयाच्या बंडीनेच तिला तारले.

आता प्रत्यक्ष डाव घेऊ. हा मी गेल्या महिन्यात मुद्दाम जुळविला आणि घरातील व शेजारच्या मिळून चौघांपुढे ठेवला. पटाच्या ओळी वरून खाली 1 ते 15 आणि रकाने डावीकडून उजवीकडे 1 ते 15 असे मोजावेत. मधल्या, आठव्या ओळीत, आठव्या रकान्यापासून 'नगर' हा शब्द आधीच मांडलेला आहे : न आठव्या रकान्यात, ग नवव्यात, र दहाव्यात. सर्वांना मिळालेली अक्षरे ही :

क, र, ख, न, द, र, ल

आमच्या गुणांप्रमाणे क, र, न, ल यांना प्रत्येकी 1, ग आणि द यांना 2, आणि ख ला 5 गुण आहेत. सातही सोंगट्या एका चालीत लागल्या तर वर 50 गुण, हा मूळ खेळातील नियम आम्ही ठेवला आहे.

वाचकहो, येथे थांबून तीन मिनिटे स्वतः प्रयत्न करून पाहावा, मगच पुढे वाचावे.

बहुतेक माणसे आधी हातातील अक्षरांकडे पाहतात. तसे पाहिले की 'कारखाना' लगेच दिसतो, आणि थोडे अधिक पाहिले की 'कारखानदार' दिसतो : क, र, ख, न, द, र, सहा सोंगट्या. केवळ ल उरतो. येथे नवख्याला मोह होतो. आमच्या धाकट्या नातवाने तो उरलेला ल जोडून 'कारखानदाराला' असे लिहिले आणि पन्नास गुणांच्या आनंदात चिठ्ठी उंचावली. चतुर्थीचा प्रत्यय लागलेले रूप कोशात मथळ्याला नसते. त्याला शून्य मिळाले. विभक्ती मोकळी सोडली असती तर प्रत्येक नामाला स, ला, ने, चा लावून सोंगट्या संपविता आल्या असत्या आणि खेळात शोधण्यासारखे काही उरले नसते, हे त्याला त्या शून्याने जितके समजले तितके माझ्या सांगण्याने समजले नसते.

शब्द सापडला म्हणजे चाल सापडली असे मात्र नव्हे. एकच शब्द पटावर अनेक जागी बसतो आणि जागेप्रमाणे त्याचे मोल बदलते. म्हणून आता हातावरून नजर काढून पटाकडे न्यावी आणि तेथे असलेल्या शब्दाला कोठे काय जोडता येईल ते पाहावे.

पहिली जागा शब्दाच्या टोकाची. 'नगर' च्या पुढे, अकराव्या रकान्यात, कोणते अक्षर ठेवले तर नवा शब्द होईल? मात्रा मनाने बदलता येतात हे लक्षात ठेवले की उत्तर सापडते : क. नगर चा 'नागरिक' होतो. म्हणजे अकराव्या रकान्यात, आठव्या ओळीतील क पासून खाली उतरणारा शब्द लिहिता येईल, आणि आपले दोन्ही शब्द क नेच सुरू होतात. त्या रकान्यात अकराव्या ओळीत शब्द दुप्पट करणारे घर आहे, आणि 'कारखाना' चे चौथे अक्षर नेमके त्याच घरात पडते.

आमच्या नातीने हेच केले. 'कारखाना' चे 1, 1, 5, 1 असे 8 गुण, दुप्पट 16, आणि 'नागरिक' चे 5, मिळून 21. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक एक पाऊल पुढे गेले. त्यांनी त्याच जागी 'कारखानदार' लिहिला : 11 ची दुप्पट 22, अधिक 'नागरिक' चे 5, एकूण 27. चिठ्ठी देताना ते म्हणाले, "यापुढे काही असेल असे वाटत नाही." आणि खरोखर ही चाल इतकी देखणी आहे की तिच्यापाशी शोध थांबावा हे साहजिक होते. दोन मोठे शब्द, दुप्पट घर, सहा सोंगट्या. आणखी काय हवे? या खेळात माणूस चुकीच्या चालीपेक्षा चांगल्या चालीनेच अधिक फसतो. मोठी संख्या हाती लागली की उरलेला वेळ तो तीच बेरीज पुन्हा करण्यात घालवितो.

दुसरी जागा शब्दाच्या वरची आणि खालची. 'नगर' ला समांतर, अगदी चिकटून सातव्या किंवा नवव्या ओळीत शब्द लिहिला तर तीन छोटे उभे शब्दही तयार होतात आणि त्यांचे गुण वेगळे मिळतात. अट एवढीच की ते तिन्ही खरे शब्द असले पाहिजेत. म्हणून शब्द बसवून पाहण्यापूर्वी प्रत्येक घरासाठी हातातील कोणती अक्षरे चालतात याची यादी मनाशी करावी.

नवव्या ओळीपासून सुरुवात करू. न च्या खाली क ठेवला तर नाक, र ठेवला तर नर, ख ठेवला तर नख, द ठेवला तर नदी. र च्या खाली क ने रंक, ख ने राख, न ने रान, द ने रंदा होतो. दुसरा र मात्र बसत नाही. ग च्या खाली र ने गार, न ने गान, द ने गादी. पण ग च्या खाली ख? ग आणि ख यांचा, कोणतीही मात्रा लावली तरी, शब्द आम्हांला सुचला नाही. ही नोंद महत्त्वाची आहे.

आता सातवी ओळ. न च्या वर क ने कान, र ने रान, ख ने खान, द ने दान. र च्या वर क ने कर, ख ने खीर, न ने नीर, द ने दार. आणि ग च्या वर? र ने रंग, न ने नाग, द ने दगा. ख ने काय होते? होते, होते : खग. ख म्हणजे आकाश, त्यात जाणारा तो खग, म्हणजे पक्षी. बोलण्यात तो कोणी वापरीत नाही, पण कोशात तो ठाम बसलेला आहे.

ही यादी करण्याची रीत यंत्रांनीही स्वीकारलेली आहे. अँड्र्यू अ‍ॅपल आणि गाय जेकबसन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी 1988 साली हा खेळ वेगाने खेळणाऱ्या कार्यक्रमाची रचना प्रसिद्ध केली. तिच्यात यंत्र प्रथम जोडण्याजोगी घरे ठरविते, मग त्या प्रत्येक घरात आडव्या-उभ्या शब्दांच्या दृष्टीने कोणती अक्षरे चालतील याची यादी करते, आणि त्यानंतरच शब्द बसवून पाहते. यंत्र सर्व शब्द सर्व जागी तपासते. माणसाला तेवढा वेळ नसतो. म्हणून माणसाला आणखी एक आडवाट लागते, आणि ती म्हणजे जड अक्षराची.

आपल्या हातात पाच गुणांचा ख हे एकच जड अक्षर आहे. तेव्हा प्रश्न असा विचारावा : ख कोठे ठेवला तर त्याचे गुण दुप्पट होतील आणि तेही दोनदा मिळतील? दोनदा मिळण्यासाठी तो आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत हवा, म्हणजे 'नगर' च्या थेट वर किंवा थेट खाली. त्या सहा घरांपैकी अक्षर दुप्पट करणारी घरे दोनच आहेत : सातव्या ओळीत नववा रकाना आणि नवव्या ओळीत नववा रकाना. दोन्ही ग ला चिकटलेली. खालच्या घरात ख चालत नाही, हे आपण आताच पाहिले. वरच्या घरात खग होतो. एका घराचाच प्रश्न उरला आणि त्याचे उत्तर एका विस्मृतीत गेलेल्या शब्दात आहे.

ख त्या घरात ठेवला की काय होते ते पाहा. आडव्या शब्दात त्याचे 10 गुण आणि उभ्या 'खग' मध्ये 10 अधिक ग चे 2, म्हणजे 12. बाकीची अक्षरे मोजण्यापूर्वीच 22 गुण हाती आले. आता असा शब्द हवा की ज्यातला ख नवव्या रकान्यात पडेल. 'कारखानदार' मध्ये ख तिसरा आहे, म्हणून शब्द सातव्या रकान्यापासून सुरू करावा लागेल. मग पट असा दिसतो :

ओळ 7, रकाना 7 ते 12 : क र ख न द र
ओळ 8, रकाना 8 ते 10 : न ग र

शेजारची घरे यादीशी ताडून पाहू. आठव्या रकान्यात र च्या खाली न येतो : रान, चालले. नवव्यात खग, चालले. दहाव्यात न च्या खाली र : नीर, चालले. सातव्या, अकराव्या आणि बाराव्या रकान्यात खाली काही नाही, तेव्हा तेथे अडचण नाही. सातव्या रकान्यातले घरही अक्षर दुप्पट करणारे आहे, म्हणून क चे 2 होतात.

बेरीज नेहमी शब्दाशब्दाने वेगळी करावी. एकत्र करावयास गेले की चूक होते. 'कारखानदार' चे 2, 1, 10, 1, 2, 1, म्हणजे 17. 'रान' चे 2. 'खग' चे 12. 'नीर' चे 2. एकूण 33.

शब्द दुप्पट करणारे एकही घर या चालीत नाही, आणि तरी ती मुख्याध्यापकांच्या चालीपेक्षा सहा गुणांनी मोठी आहे. हाच शब्द एक घर डावीकडे सरकविला तर ख न च्या वर येतो, उभे शब्द खान, नाग, दोरा होतात आणि गुण 26 भरतात. एक घर उजवीकडे सरकविला तर कान, रंग, खीर होतात आणि 25 भरतात. सातव्या रकान्यापासून 33, त्याच्या एका बाजूस 26 आणि दुसऱ्या बाजूस 25. म्हणून बसणारा शब्द सापडला की त्याला एकेक घर सरकवून पुन्हा मोजावे. हे काम अर्ध्या मिनिटाचे असते आणि ते न करण्याने जितके गुण जातात तितके शब्द न सुचल्यामुळेही जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ही चाल आमच्या सौभाग्यवतींची. त्यांना इंग्रजी स्क्रॅबल येत नाही, त्यांनी कधी स्पर्धा पाहिली नाही. "ख कोठे ठेवू म्हणजे वाया जाणार नाही, एवढेच पाहिले," असे त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरात वाटीभर तूप कशावर घालावे हा विचार करणाऱ्या हाताला हे नवे नसावे. त्यांना पूर्ण 33, मुख्याध्यापकांना 27 म्हणजे वजा 6, नातीला 21 म्हणजे वजा 12. या खेळात दुसऱ्याशी नव्हे, तर सर्वोत्तम चालीशी असलेले अंतर मोजतात. डावाच्या शेवटी ज्याचे अंतर सर्वांत कमी तो विजयी. अक्षरे वाईट आली ही तक्रार येथे कोणालाच करता येत नाही.

एक कबुली द्यावयास हवी. स्पर्धांत आता संगणक सर्व चाली काढून देतो, त्यामुळे तेथे सर्वोत्तम म्हणजे खरोखर सर्वोत्तम. आमच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्यांना तशी सोय नाही. आमच्याकडे चारही चिठ्ठ्या उघडल्यावर पाच मिनिटे सर्वजण मिळून अधिक मोठी चाल शोधतात, आणि जी सापडेल ती मान्य करतात. 33 च्या वर काही आहे असे अजून कोणी दाखविलेले नाही. वाचकांपैकी कोणाला दिसले तर जागा आणि बेरीज लिहून अवश्य कळवावे. या सदरात ते छापले जाईल. या पद्धतीचा हाही एक लाभ आहे की खेळाडूंनी एका खोलीत बसण्याची गरज नाही. अक्षरे फोनवर सांगितली की आदिलाबाद, निर्मल आणि यवतमाळ येथील भावंडे आपापल्या घरच्या पटावर तोच डाव खेळू शकतात.

चिठ्ठ्या उघडल्यावर नात जरा हिरमुसली. "खग हा शब्द मला कसा माहीत असणार? तो आमच्या पुस्तकात नाही," असे ती म्हणाली. ते खरेच होते. तिच्या कानावर पडणारी मराठी ही घरातली मराठी, आणि घरात पक्ष्याला कोणी खग म्हणत नाही. मी गप्प राहिलो. सर्वांनी आपापल्या पटावर 33 गुणांची चाल मांडली. प्रत्येकाजवळ एकटा ल उरला आणि पिशवीतून सहा नवी अक्षरे काढण्यासाठी मी हात घातला.

तेवढ्यात ती पटावर वाकली. नवव्या ओळीत, नवव्या रकान्यात, ग च्या खाली तिने ल ठेवला.

"आजोबा, खगोल! तेलुगूच्या पुस्तकात आहे, खगोळशास्त्रम्. हा मराठीत पण आहे ना?"

आहे. ख म्हणजे तेच आकाश. घर अक्षर दुप्पट करणारे होते, आणि त्यावर ती नवी सोंगटी पडत होती, म्हणून ल चे 2. ख आधीच बसलेला, त्याचे गुण आता दुप्पट होत नाहीत, म्हणून 5. ग चे 2. एकट्या ल ने 9 गुण. अजून नवी अक्षरे यावयाची होती आणि चिठ्ठी लिहिण्याची वेळही झाली नव्हती, तेव्हा नियमाप्रमाणे त्या 9 गुणांना किंमत नव्हती. तरी मी पिशवीतून हात बाहेर काढला आणि तिला तो शब्द कोशात काढून दाखविला. मग सहा अक्षरे काढली : त, म, प, अ, स, ट.

वाचकहो, पट आता तुमच्यापुढे आहे. सातव्या ओळीत कारखानदार, आठव्या ओळीत नगर, हातात ल सह ही सात अक्षरे. ट आमच्याकडे 3 गुणांचा आहे, बाकीची एकेका गुणाची. एवढेच सुचवितो की 'रान' च्या खाली ट आला तर रानटी होतो आणि 'नीर' च्या खाली म आला तर नरम. पुढच्या अंकापूर्वी चिठ्ठी पाठवावी.